आठ गैरहजर

शुभांगीच्या हातात माइक देऊ नये, असं तिचे बाबा नेहमी म्हणायचे. एकदा दिला की तो परत येत नाही, आणि येतो तेव्हा काहीतरी होऊन बसलेलं असतं.

या वेळी झालं ते सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत. अकरावीतली शुभांगी आठच दिवसांपूर्वी नाशिकला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. कप मिळाला होता, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरला होता, त्यामुळे पाय काही जमिनीवर नव्हते. सभेत विषय निघाला शिलालेखाचा. आंबेमळा गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांच्या नावांचा काळा दगड शाळेच्या दारात बसवायचा होता. समितीचे अध्यक्ष दीपकअप्पा यांनी नावं वाचली. 'वीरगती प्राप्त' या मथळ्याखाली चार नावं होती. हिरामणचं त्यात नव्हतं.

नसणारच होतं. हिरामण म्हणजे शुभांगीचे खापरपणजोबा. मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये, लढाईतून पळाले आणि तिकडेच दुसरा संसार थाटला, अशी गावात शंभर वर्षं चालत आलेली गोष्ट. म्हणून तर शुभांगीच्या घराच्या शेताला अख्खं गाव 'पळ्याचा मळा' म्हणायचं. टोमॅटो घ्यायला येणारा परगावचा व्यापारीसुद्धा फोनवर सरळ विचारायचा, "पळ्याच्या मळ्यातून बोलताय ना?" बाबा "हो" म्हणायचे. आजी मात्र त्या दिवशी जेवायची नाही.

तर शुभांगी उठली, तिनं माइक घेतला आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "हिरामण पळाले नाहीत! ते शेवटपर्यंत लढले. माझ्याकडे खुद्द सेनापतीचा लेखी पुरावा आहे. येत्या सभेत मी तो गावापुढे ठेवीन, आणि मग पाचवं नाव कोरावं लागेल!"

टाळ्या पडल्या. शुभांगीला टाळ्या फार आवडायच्या.

मागच्या रांगेत आजी, नवसाबाई, पदर तोंडाशी धरून बसली होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "खरं हाय ना गं पोरी? का नुसतं भाषण?"

"खरंच आहे आजी! छापील आहे!"

"मंग माझ्या डोळ्यांदेखत कोरू दे. माझी आजेसासू ना सवाशीण म्हणून मेली, ना रांडाव म्हणून. कुंकू पुसलं नाय आन् लावलंबी नाय. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाय. का, तर नवरा हाय का नाय तेच ठावं नाय."

शुभांगीनं आजीचा हात घट्ट दाबला. तेव्हा तिला वाटलं होतं, काम तर झालंच आहे.

*

"हा तुझा पुरावा?" उत्तरा मॅडमनी मोबाइलवरचा मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

उत्तरा मॅडम स्पर्धेच्या परीक्षक होत्या. कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि जुन्या लढायांवर संशोधन करायच्या. शुभांगी रविवारी सकाळी पुरावा पक्का करून घ्यायला बाबांच्या भाजीच्या टेम्पोतून शहरात आली होती. अंगाला मेथीचा वास येत होता, पण ऐट राणीची होती.

"हो. सेनापती स्वतः लिहितो की आपल्या पलटणीनं नदीकाठ शेवटपर्यंत लढवला आणि हुकूम मिळाल्यावरच शिस्तीत माघार घेतली. मग हिरामण पळाले कसे?"

"सेनापती तिथे होता?"

"म्हणजे... असेलच ना."

"नव्हता. मुख्य ठाण्यावर होता, बराच लांब. आणि हा खलिता त्यानं लढाईनंतर दीड महिन्यानं लिहिलाय, खालून आलेल्या अहवालांवरून. हा लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये छापायला जाणार, पेपरवाले उचलणार, शिपायांच्या घरचे वाचणार. तू त्याच्या जागी असतीस तर 'आमची तारांबळ उडाली' असं लिहिलं असतंस?"

हे शुभांगीला नवीनच होतं.

"खलिता खोटा असतो असं नाही," मॅडम म्हणाल्या, "वरच्यांना लढाई कशी दिसली आणि कशी दाखवायची होती, ते त्यातून कळतं. पण एक शिपाई कुठे होता हे खलित्याला विचारायचं नसतं. चल, खाली उतरू."

खाली उतरू म्हणजे सेनापतीपासून खाली. मॅडमनी लॅपटॉप उघडला. युद्धातल्या प्रत्येक तुकडीला रोजची डायरी ठेवावीच लागे. छापील फॉर्म, रकाने ठरलेले. जागा, तारीख, वेळ, काय घडलं, सोबत कोणते नकाशे आणि हुकूम जोडलेत. पलटणीची डायरी वेगळी, तिच्या वरच्या ब्रिगेडची वेगळी, तोफखान्याची वेगळी, फिरत्या इस्पितळाचीसुद्धा वेगळी. लंडनच्या अभिलेखागारात त्या जपून ठेवल्या आहेत आणि आता पानांचे फोटो विकत मिळतात. मॅडमकडे त्या आघाडीच्या बऱ्याच डायऱ्या होत्या.

हिरामणच्या पलटणीचं पान पडद्यावर आलं तेव्हा शुभांगीनं खुर्ची पुढे ओढली. शंभर वर्षांपूर्वीची पेन्सिल! तिनं भराभरा नाव शोधलं.

"हिरामण नाहीत यात."

"नसणारच. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, क्वचित एखाद्या सुभेदाराचं. बाकी सगळे आकडे. 'हिंदी शिपाई, इतके ठार, इतके जखमी.' तुझे खापरपणजोबा कुठल्या कंपनीत?"

"सी कंपनीत. आजीकडे त्यांच्या नोकरीचा कागद होता, त्याचा फोटो आहे."

मॅडमनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. पलटणीच्या डायरीत लिहिलं होतं, सी कंपनीनं नदीकाठ सोडला चार पन्नासला. मॅडमनी ब्रिगेडची डायरी उघडली. तिच्यात गेलेल्या निरोपांची नोंद होती. माघारीचा हुकूम सुटला पाच वाजून पाच मिनिटांनी.

शुभांगीनं दोनदा बघितलं. मग तिच्या डोक्यात गणित बसलं.

"म्हणजे हुकमाच्या आधीच निघाले? अख्खी कंपनीच पळाली?"

"कागद आत्ता तरी तसं म्हणतोय."

"मॅडम, मी माइकवर बोललेय. सगळ्या गावासमोर."

"ते दिसतंच आहे," मॅडम म्हणाल्या. "चहा घे."

*

त्या आठवड्यात शुभांगीचं कशातच लक्ष लागेना. कॉलेजला जाताना गावातली पोरं मुद्दाम गाडी हळू करायची. "काय गं, सेनापतीचं पत्र आलं का पोस्टानं?" दीपकअप्पा रस्त्यात भेटले तर हसून म्हणाले, "बेटा, दगडवाला खोळंबलाय. येत्या सभेत आण काय ते, नाहीतर चार नावांवर छिन्नी चालू करतो." आजी रोज संध्याकाळी ओसरीवर लसूण सोलत विचारायची, "बाईंकडं कधी जायचं?" आणि शुभांगी, जिला दोन मिनिटंही गप्प बसवत नाही ती शुभांगी, घरात शिरून अभ्यासाचं नाटक करायची.

पुढच्या रविवारी मॅडमच्या दारात ती उभी राहिली ती रडवेल्या तोंडानंच.

"आत ये. एक गोष्ट सापडलीय. हे पान नीट बघ. आधीच्या दिवसाच्या पानापेक्षा वेगळं काय आहे?"

"अक्षर वेगळं आहे."

"का असेल?"

शुभांगीनं विचार केला. "डायरी लिहिणारा बदलला?"

"मेला. डायरी लिहिणारा अधिकारी त्याच सकाळी मारला गेला. खाली सहीची तारीख बघ, तीन दिवसांनंतरची. म्हणजे या वेळा कुणीतरी नंतर आठवून लिहिल्यात, नाहीतर स्वतःच्या चुकलेल्या घड्याळावरून. मग या घड्याळाची चूक मोजायची कशी?"

"शंभर वर्षांपूर्वीचं घड्याळ आता कसं मोजणार?"

"सगळ्यांनी ऐकलेला एक आवाज शोधायचा."

आणि तो होता! त्या पहाटे दारूगोळ्याची एक नाव नदीत उडाली होती. एवढा मोठा स्फोट की तिन्ही तुकड्यांनी नोंदवला. पलटण म्हणते, चार पंचेचाळीस. ब्रिगेड म्हणते, पाच दहा. तोफखाना म्हणतो, पाच दहा.

"तोफखान्याची घड्याळं हल्ल्याआधी एकमेकांशी लावून घेतात," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर आपलेच गोळे आपल्याच माणसांवर. म्हणून त्यांच्यावर विश्वास जास्त. आता सांग."

शुभांगी ओरडलीच, "पलटणीचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागे! म्हणजे सी कंपनी चार पन्नासला नाही, पाच पंधराला निघाली! हुकमानंतर दहा मिनिटांनी!"

ती उठून मॅडमच्या दिवाणखान्यात चक्क गोल नाचली. मॅडमनी नाचू दिलं. मग म्हणाल्या, "कंपनी पळाली नाही, एवढं बरंच पक्कं झालं. कंपनीचं. हिरामणचं नाही. माणूस शोधायचा तर हजेरीपट लागतो."

हजेरीपटाचे फोटो मॅडमच्या ओळखीच्या एका संशोधकानं पलटणीच्या जुन्या दफ्तरातून काढून दिले होते. पटात नावं असतात. बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं. मात्र घटना नसते. माणूस ओळीत उभा होता की नव्हता, आणि नव्हता तर का, इतकंच.

लढाईनंतरच्या सकाळची हजेरी. अख्ख्या पलटणीत फक्त सी कंपनीच्या आठ नावांपुढे एकच शब्द होता, गैरहजर. त्यांत हिरामण, तालुका नाशिक.

पुढच्या महिन्याच्या पटात आठांपैकी सहा जण 'इस्पितळातून परत'. उरलेल्या दोघांपुढे चौकशी होऊन शेरा पडलेला, 'फरारी, नाव कमी केले.' हिरामण. आणि गोटीराम, पेठ तालुक्यातला एक जण.

नाचायला उठलेली पोरगी मटकन खाली बसली. गावातली गोष्ट कागदावरच निघाली होती. कुणी लावालावी केली नव्हती. सरकारनंच लिहिलं होतं.

"मॅडम, राहू द्या. मला नाही बघायचं पुढे."

"तुझी मर्जी. मला मात्र ते सहा जण टोचतायत."

"कसले सहा?"

"जे इस्पितळातून परत आले. अगं, इस्पितळात होते तर हजेरीत त्यांना 'जखमी' का नाही लिहिलं? गैरहजर का लिहिलं?"

शुभांगीनं नाक पुसलं. "कारण... पलटणीला माहीतच नव्हतं ते कुठे गेलेत?"

मॅडमनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. हे त्यांचं कौतुक होतं, हे शुभांगीला पुष्कळ नंतर कळलं.

*

पुढचे दोन रविवार इस्पितळांच्या डायऱ्यांवर गेले. पलटणीनं जखमी लिहिले होते अडतीस. त्यांच्या ब्रिगेडच्या फिरत्या इस्पितळानंही या पलटणीचे अडतीसच दाखल करून घेतले होते. जमलं. मग शेजारच्या ब्रिगेडच्या इस्पितळाची डायरी मिळाली. ती माणसं नदीच्या खालच्या अंगाला होती. तिच्यात त्या सकाळी एक ओळ होती, 'दुसऱ्या ब्रिगेडच्या पलटणीचे सात जखमी नावेतून वाहत आले, दाखल.' आणि क्रमांक होता हिरामणच्याच पलटणीचा.

शुभांगीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. गैरहजर ज्यांना लिहिलं ते पळाले नव्हतेच! माघारीत त्यांची नाव प्रवाहानं खाली गेली, दुसऱ्यांच्या हाती लागली, आणि इकडे सकाळी हजेरी झाली.

"पुढे वाच," मॅडम हळू म्हणाल्या. त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

सातही जणांना दवाखान्याच्या आगबोटीवर चढवलं होतं. आगबोटीच्या नोंदीत होतं, या पलटणीचा एक शिपाई वाटेत वारला, गळ्यात बिल्ला नाही, शुद्ध नसल्यानं नाव कळलं नाही, काठावर पुरला.

शुभांगीनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. गैरहजर आठ. इस्पितळात सात. सातांतले सहा परत आले. एक मेला.

तिनं पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं.

फरारी ठरवलेले होते दोन. आणि मेलेला होता एक.

"कोण?" तिनं विचारलं. "मॅडम, कोण मेला? हिरामण की गोटीराम?"

"माहीत नाही."

"आणखी कुठली डायरी? पुरण्याची जागा? बोटीचा डॉक्टर?"

"मी तीन ठिकाणी लिहिलं. दहन-दफनांच्या नोंदीत 'अनोळखी हिंदी शिपाई' आहे. उंची नाही, वर्णन नाही, काही नाही. इथे कागद संपतात, शुभांगी."

"पण दुसरा पळाला असेल तर..."

"तेही माहीत नाही. बुडाला असेल, चिखलात पडला असेल. दुसरा सापडला नाही, इतकंच आपण म्हणू शकतो. दोघांतला एक फरारी नव्हता. कुठला, ते सांगता येत नाही."

"मी सांगितलं, हिरामण होते, तर?" शुभांगी म्हणाली. "कोण तपासायला येणार आहे? दीपकअप्पा? आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मॅडम. एक नाव तर कोरायचंय!"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "कागद तुझ्याकडे आहेत. सभाही तुझी आहे. मी येणार नाही."

टेम्पोत बाबा रिकाम्या क्रेटांवर दोरी आवळत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी लगेच गाडी सुरू केली. मखमलाबाद नाक्यापर्यंत तिनं त्यांना सगळं सांगितलं. मग बाबा म्हणाले, "हे बघ, तू दमदार बोललीस की लोक मानतात. तुझ्या जिभेवर तेवढं आहेच."

तेच तर होतं. ती दमदार बोलली असती, टाळ्या पडल्या असत्या, आणि दगडावर नाव आलं असतं. रात्रभर तिनं ते भाषण मनातल्या मनात शंभरदा केलं. दर वेळी बोटीतला तो माणूस मध्ये यायचा. बेशुद्ध, गळ्यात बिल्ला नाही. शुभांगी त्याला म्हणायची, तुम्ही हिरामणच ना? आणि तो काही बोलायचा नाही.

*

पुढच्या सभेत तिनं माइक घेतला.

तिनं सगळं सांगितलं. खलित्यावर विसंबून आपण चुकलो, हे आधी सांगितलं. मग घड्याळ, स्फोट, आठ गैरहजर, सात जखमी, आगबोट. लोक पुढे सरकून ऐकत होते. शेवटी आली तिथे, जिथे एकच नाव घेऊन थांबता आलं असतं.

"त्या दोघांतला एक जण जखमी होऊन मेला. तो हिरामण होता की पेठचा गोटीराम, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

टाळ्या नव्हत्या. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे फिफ्टी फिफ्टी!" आणि हशा पिकला.

दीपकअप्पा उठले. वाईट माणूस नव्हे. कानशील खाजवत म्हणाले, "पोरी, मेहनत लय घेतलीस. पण दगडावर 'कदाचित' कोरता येत नाय गं. सरकारी कागदात फरारी आहे. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? चार नावं राहू द्या." हात वर झाले. एकेक करून बरेच झाले. शुभांगी मोजत बसली नाही.

बाहेर आल्यावर तिला आजीकडे बघवेना. "आजी, मी खोटं बोलले असते तर आलं असतं गं नाव. मला बोलताच आलं नाही."

आजी चपला शोधत होती. बराच वेळ शोधत राहिली. तिचे डोळे भरले होते, हे शुभांगीला दिसलं आणि ते दिसू नये म्हणून आजी वाकलीय, हेही कळलं. आजीला ते नाव हवंच होतं. शेवटपर्यंत हवंच राहणार होतं.

मग खालमानेनंच तिनं विचारलं, "तो दुसरा. पेठचा. त्याच्या घरच्यांना हे कुणी सांगितलंय का?"

"कोण सांगणार? त्यांना काय माहीत असणार?"

"मंग त्याचीबी बायको आसंलच की आपल्या आजेसासूवानी बसलेली."

*

पेठच्या रस्त्याला घाट लागला तशी शुभांगीची बडबड थांबली. बाबा टेम्पो चालवत होते, आजी मध्ये, शुभांगी खिडकीशी. हजेरीपटातल्या वाडीचं नाव नकाशात सापडलं होतं, पण घर सापडेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं मॅडमना सकाळी मेसेज टाकला होता. उत्तर आलं, "सगळे कागद घेऊन जा. हिरामणचे पण. लपवायचं काही नाही."

वाडीत दोन ठिकाणी विचारावं लागलं. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्यानं नाचणीच्या खळ्याकडे बोट दाखवलं. "गोटीरामाचा? तो लढाईचा? त्याचा घर तेच. पर कशाला इचारता?"

दारात चिमणाबाई नावाची बाई सूप घेऊन बसली होती, आजीपेक्षा थोडीच लहान. तिनं परक्या टेम्पोकडे बघितलं, मग तिघांकडे. सूप बाजूला ठेवलं नाही.

"गोटीरामाचा इचारतंस?" तिचा आवाज एकदम कडक झाला. "त्याचा कशाला इचारतंस आता? तो पळाला ना. आमच्या घरात त्याचा नाव काढीत नाहीत."

शुभांगीनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. कागद छातीशी होते, हातानं चुरगळलेले.

आजी पुढे झाली, ओट्यावर त्या बाईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आमच्याबी घरात नाय काढत, बाई. जरा सरका. ही पोरगी सांगती ते ऐका."